एक शिफारसपत्र, दोन अप्रेझल आणि न लिहिलेल्या वाक्यांचा शोध : एक प्रकरण अभ्यास

शिफारसपत्रात वाईट सहसा कुणी लिहीत नाही. त्यामुळे पत्र हातात आलं की निवड समितीतला प्रत्येक जण दोन ओळींच्या मधलं वाचायला लागतो आणि प्रत्येकाला तिथे वेगळंच काही दिसतं. हे प्रकरण अशाच एका पत्राचं आहे. मी त्या समितीत मनुष्यबळ विभागाची प्रतिनिधी होते. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि उमेदवाराला 'क्ष' म्हटलं आहे. पत्रातली वाक्यं अर्थ न बदलता पुन्हा लिहिली आहेत.

## पार्श्वभूमी

औषधं बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेच्या, म्हणजे क्यूसीच्या, प्रमुखाची जागा रिकामी होणार होती. हाताखाली नऊ विश्लेषक आणि तीन पाळ्या. या जागेवरच्या माणसाला उपकरणं कळावी लागतातच, पण कामाचा खरा भार दुसरीकडे असतो. बॅचचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, ज्याला प्रयोगशाळेत सगळे 'ओओएस' म्हणतात, की तो नोंदवायचा, त्याचा तपास करायचा आणि उत्पादन विभाग माल सोडण्यासाठी दारात उभा असताना ठाम राहायचं. ज्याच्या हाताखालची माणसं चूक झाल्यावर येऊन सांगायला घाबरतात, असा प्रमुख इथे चालत नाही. नियमांच्या बाबतीत ढिला प्रमुख तर त्याहून चालत नाही.

शेवटच्या फेरीत दोन उमेदवार उरले. क्ष यांची लेखी परीक्षा आणि मुलाखत दोन्ही सरस झाल्या होत्या. दुसरे उमेदवार ठीक होते, पण ओओएस तपासाच्या प्रश्नांवर अडखळले होते. क्ष यांनी आधीच्या कंपनीत सहा वर्षं काढली होती. त्यातली शेवटची दोन वर्षं त्या गटप्रमुख होत्या. त्यांनी आधीच्या वरिष्ठांचं शिफारसपत्र दिलं आणि आम्ही विचारल्यावर शेवटच्या दोन वर्षांची अप्रेझलही खळखळ न करता दिली.

## पत्र

पत्र एका पानाचं होतं. त्याचा गाभा असा :

"श्रीमती क्ष यांनी आमच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं काम केलं. एचपीएलसी आणि इतर उपकरणांचं त्यांचं ज्ञान सखोल आहे. त्यांच्या नोंदी नीटनेटक्या असत आणि वेळेच्या बाबतीत त्या अत्यंत काटेकोर होत्या. नव्या पद्धती शिकण्याची त्यांची तयारी उल्लेखनीय होती. गटप्रमुखपदाची जबाबदारी त्यांनी प्रामाणिकपणे पार पाडण्याचा प्रयत्न केला. ज्यांना त्यांची कामाची पद्धत समजली, त्यांना त्यांच्यासोबत काम करणं लाभदायक वाटलं. स्वतंत्रपणे करायच्या तांत्रिक कामासाठी त्या निश्चितच योग्य ठरतील. अधिक माहिती हवी असल्यास दूरध्वनीवर बोलायला मला आनंद वाटेल. त्यांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा."

## अडचण

पहिल्या वाचनातच समितीत दोन तट पडले. आमच्या अध्यक्षांना पत्र चांगलं वाटलं. उत्पादन विभागाच्या प्रतिनिधींनी मात्र पत्र टेबलावर ठेवत म्हटलं, "हे नकारपत्र आहे. फक्त सभ्य भाषेत लिहिलंय."

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पत्र नेमणुकीच्या पदाशी ताडून पाहिलं की खटकणाऱ्या जागा लगेच दिसतात. आम्हाला प्रयोगशाळेचा प्रमुख हवा होता आणि पत्राने उपकरणांचं ज्ञान, नोंदी आणि वक्तशीरपणा यांची तारीफ केली होती. गटाबद्दल दोनच वाक्यं होती आणि दोन्हींना अट जोडलेली होती. ओओएसबद्दल अवाक्षर नव्हतं, ऑडिटबद्दलही नव्हतं. "यांना मी पुन्हा कामावर घेईन" हे वाक्यही कुठे नव्हतं.

भाषेचा तत्त्वज्ञ पॉल ग्राइस याने १९७५ साली छापून आलेल्या एका निबंधात जवळपास हेच उदाहरण घेतलं आहे. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याबद्दल त्याचे प्राध्यापक लिहितात, की याचं इंग्रजी उत्तम आहे आणि तो तासांना नियमित हजर असतो. पत्र तिथेच संपतं. वाचणारा विचार करतो : विद्यार्थी यांचाच आहे, म्हणजे यांना माहीत नाही असं नाही, कशाबद्दल लिहायचं हेही यांना ठाऊक आहे, तरीही लिहिलेलं नाही, म्हणजे लिहायला कचरले. तत्त्वज्ञानात मुलगा बेताचाच असणार. ग्राइसचं उदाहरण पटकन पटतं. पण ते एका गृहीतावर उभं आहे, ते म्हणजे लिहिणाऱ्याला सगळं माहीत आहे आणि न लिहिण्याचं कारण उमेदवारच आहे. आमच्या पत्राच्या बाबतीत यातलं दुसरं खरं आहे का, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

## पहिला टप्पा : शब्दांचा अर्थ कुठल्या शब्दकोशातून लावायचा?

समितीतल्या एका सदस्यांनी काही वर्षं जर्मन कंपनीबरोबर काम केलं होतं. त्यांचं बोट "पार पाडण्याचा प्रयत्न केला" या शब्दांवर गेलं. "तिकडे हे वाक्य आलं की माणूस नापास," ते म्हणाले.

जर्मनीपुरतं ते बरोबरच आहे. तिथे नोकरी सोडताना लेखी प्रमाणपत्र मिळणं हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. ते पत्र खरं असावं लागतं आणि सद्भावनेनं लिहिलेलंही असावं लागतं. या ओढाताणीतून तिथे एक ठरीव भाषा तयार झाली. "नेहमीच आमच्या पूर्ण समाधानापर्यंत" आणि "आमच्या समाधानापर्यंत" यांत दोन श्रेणींचं अंतर असतं आणि नुसता "प्रयत्न केला" ही तळाची श्रेणी मानली जाते. तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयासमोर २०१४ साली असा वाद आला होता, की मधल्या श्रेणीहून वरची श्रेणी हवी असेल तर पुरावा कुणी द्यायचा. ती जबाबदारी कामगाराचीच, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणजे तिथे लिहिणारा, वाचणारा आणि न्यायालय तिघांकडे एकच किल्ली आहे.

आमच्या पत्रलेखकाकडे ती किल्ली होती, असं मानायला काहीच आधार नव्हता. शिफारसपत्रं वाचताना माझ्या मते सर्वांत जास्त घात इथे होतो. एका ठिकाणचा संकेत दुसऱ्या ठिकाणच्या पत्रावर लादला जातो आणि वाचणाऱ्याला वाटतं आपण बारकाईने वाचलं. म्हणून आम्ही असा प्रश्न घेतला, की हाच माणूस एरवी कसा लिहितो?

सुदैवाने उत्तर फायलीतच होतं. याच वरिष्ठांचं आणखी एक पत्र तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलं होतं. ते ज्यांच्यासाठी होतं ते विश्लेषक आमच्याकडे रुजू होऊन उत्तम काम करत होते. ते पत्र मनुष्यबळ विभागाबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मी एकटीने ते ताडून पाहिलं आणि समितीला फक्त निष्कर्ष सांगितला. त्या पत्रातही "प्रामाणिकपणे पार पाडण्याचा प्रयत्न केला" हे शब्द जसेच्या तसे होते. दूरध्वनीवर बोलायची तयारीही तशीच होती. म्हणजे ज्या दोन वाक्यांवरून समिती सगळ्यात जास्त भांडली, ती या माणसाची लिहायची सवय निघाली.

जुन्या पत्रात मात्र "यांना पुन्हा घ्यायला मी केव्हाही तयार आहे" असं वाक्य होतं. ते इथे गायब होतं. "स्वतंत्रपणे करायच्या तांत्रिक कामासाठी" हा शब्दप्रयोग जुन्या पत्रात नव्हता आणि "ज्यांना त्यांची कामाची पद्धत समजली" हाही नव्हता. आता आमच्याकडे तीन नेमके फरक उरले आणि तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते : काम ठीक, पण माणसं सांभाळताना काहीतरी घडलं.

जुनं पत्र हाताशी असणं हा योग होता, दर वेळी तो येत नाही. पण एकाच माणसाची दोन पत्रं मिळाली तर आधी ती शेजारी ठेवून वाचावीत. एकट्या पत्रातून सवय कुठली आणि इशारा कुठला, हे वेगळं करता येत नाही.

## दुसरा टप्पा : अप्रेझल

दोन्ही वर्षांच्या अप्रेझलमध्ये एकूण श्रेणी पाचपैकी चार होती. ती पाहून अध्यक्ष म्हणाले, "बघा, काही बिघडलेलं नाही." श्रेणीकडे बघून बिघाड सहसा कळतच नाही. श्रेणी खाली आणायची तर वरिष्ठाला कारण लिहावं लागतं, उमेदवाराशी वाद घालावा लागतो आणि पगारवाढीच्या बैठकीत उत्तर द्यावं लागतं. चारचे चार ठेवणं सगळ्यांना सोयीचं असतं.

मजकूर मात्र बदलला होता. पहिल्या वर्षी लिहिलं होतं : "गटाला चांगलं मार्गदर्शन करतात. दोन नव्या विश्लेषकांना स्वतंत्र कामासाठी तयार केलं." दुसऱ्या वर्षी : "तांत्रिक बाबतीत अपेक्षेपेक्षा सरस. सहकाऱ्यांशी समन्वय अधिक दृढ करण्यास वाव." पहिल्या वर्षीचं वाक्य घडलेल्या गोष्टीबद्दल आहे, त्यात दोन माणसं आहेत आणि त्यांचं काय झालं तेही आहे. दुसऱ्या वर्षीचं वाक्य कुणाबद्दलही लिहिता येईल.

सगळ्यात बोलका होता शेवटचा, पुढच्या वर्षाच्या उद्दिष्टांचा रकाना. आधीच्या वर्षी तिथे एका नव्या उपकरणाचं प्रशिक्षण होतं. दुसऱ्या वर्षी तिथे "मतभेद हाताळणे : दोन दिवसांची कार्यशाळा" असं होतं. अप्रेझल वाचताना मी हा रकाना आधी वाचते. वरच्या परिच्छेदात गोड लिहायला काहीच लागत नाही. प्रशिक्षणासाठी मात्र कुणीतरी वेळ आणि पैसा मंजूर केलेला असतो आणि त्याआधी गरज आहे हे मान्य केलेलं असतं. मतभेद हाताळायला शिकवायचं ठरलं, म्हणजे मतभेद झाले होते आणि ते वरपर्यंत पोचले होते.

कुणाचा दोष होता, हे मात्र या रकान्यातूनही कळत नव्हतं.

## समोरचे पर्याय

या टप्प्यावर उत्पादन विभागाचा आग्रह होता, की इथेच थांबावं आणि दुसऱ्या उमेदवाराला घ्यावं. अध्यक्षांचं मत होतं, की परीक्षा आणि मुलाखत स्वच्छ झाली आहे, पत्राचा एवढा कीस काढू नये. दोन्हींमागचं गृहीत एकच होतं, की पत्रातल्या मौनाचा अर्थ आपल्याला कळला आहे. एकाला तो वाईट वाटत होता, दुसऱ्याला बिनमहत्त्वाचा.

मी समितीसमोर वेगळी मांडणी ठेवली. पत्र असं येण्याची चार कारणं असू शकतात. क्ष यांना माणसं सांभाळता येत नसतील. क्ष यांचं आणि वरिष्ठांचं बिनसलं असेल. प्रयोगशाळेत असं काही घडलं असेल जे वरिष्ठांना कागदावर आणायचं नाही. किंवा कंपनीच्या कायदा विभागानेच हात आखडता घ्यायला सांगितलं असेल. हे शेवटचं कारण नेहमी लक्षात ठेवावं लागतं. ब्रिटनमध्ये १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की निष्काळजीपणे लिहिलेल्या पत्रामुळे माजी कर्मचाऱ्याचं नुकसान झालं तर लिहिणारी कंपनी जबाबदार धरता येते. असल्या जोखमीपायी अनेक मोठ्या कंपन्या फक्त नोकरीच्या तारखा आणि हुद्दा कळवतात. तशा पत्राला काहीच अर्थ जोडता येत नाही. आमचं पत्र तसं नव्हतं, त्यात तारीफ सढळ होती आणि आखडता हात एकाच विषयापुरता होता. त्यामुळे चौथं कारण मागे पडलं.

आणखी एक गोष्ट मी बोलून दाखवली आणि ती सगळ्यांना रुचली नाही. २००३ साली फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने आखूड होती आणि त्यांत शंका पेरणारी वाक्यं जास्त होती. तो एका क्षेत्राचा, एका देशातला अभ्यास आहे आणि त्यावरून आमच्या पत्राबद्दल काही सिद्ध होत नाही. पण "काटेकोर", "नीटनेटक्या", "शिकण्याची तयारी" हे शब्द पुरुष गटप्रमुखाच्या पत्रात इतक्या संख्येने आले असते का, हे एकदा स्वतःला विचारायला हवं होतं. जुनं पत्र एका पुरुषाचं होतं. आम्ही काढलेल्या तीन फरकांपैकी काही वाटा याचाही असू शकतो, एवढं मान्य करून आम्ही पुढे गेलो.

उरलेल्या तीन कारणांत निवड करायची तर माहिती हवी होती आणि ती पत्रात नव्हती. ठरलं असं, की आधी पत्रलेखकाशी बोलायचं, मग क्ष यांच्याशी, आणि दोघांच्या बोलण्यात तफावत आली तर तिसऱ्या माणसाशी. पत्रलेखकांना फोन करण्याआधी क्ष यांची संमती घेतली. पत्रात फोनचा उल्लेख होता म्हणून विचारायची गरज नाही असं काहींना वाटलं, पण मला ते पटलं नाही.

## केलेली कृती

फोनवर "त्या कशा होत्या?" असं विचारलं असतं तर पत्र पुन्हा वाचून दाखवलं गेलं असतं. म्हणून प्रश्न घडलेल्या गोष्टींचे ठेवले. गटात किती जण होते, दोन वर्षांत किती सोडून गेले? ओओएस आला की पहिल्या तासाभरात क्ष काय करायच्या? शेवटचा मोठा मतभेद कशावरून झाला? आणि पुन्हा नेमणुकीचा प्रश्न दोन भागांत तोडला.

"तांत्रिक पदावर त्यांना पुन्हा घ्याल?"

"उद्या घेईन."

"आणि गटप्रमुख म्हणून?"

बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "ते परिस्थितीवर अवलंबून आहे."

फोनवर असा थांबा आला की घाईने मदतीला धावू नये. "म्हणजे स्वभाव जरा कडक असेल," असं मी सुचवलं असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं आणि ते माझंच उत्तर ठरलं असतं. मी एवढंच विचारलं, "कसली परिस्थिती, सर?"

"हाताखालच्या माणसांशी जरा सबुरीनं घेतलं पाहिजे त्यांनी. आणि वरच्यांनी त्यांच्या पाठीशी उभं राहायला हवं. आमच्याकडे ही दुसरी गोष्ट झाली नाही."

पुढे ते काही बोलले नाहीत. सहा जणांच्या गटातून दोघं सोडून गेले, हे त्यांनी सांगितलं. मतभेद कशावरून झाला, हे सांगितलं नाही. "ते त्यांनाच विचारा," म्हणाले.

क्ष यांना पुन्हा बोलावलं. पत्रातला मजकूर त्यांच्यासमोर वाचणं योग्य नव्हतं. पण अप्रेझल त्यांनी स्वतःच दिली होती, म्हणून तो धागा धरला : "पहिल्या वर्षी दोन विश्लेषक तयार केल्याचं लिहिलंय. दुसऱ्या वर्षी मतभेदांची कार्यशाळा दिसते. मधल्या काळात काय बदललं?"

त्यांनी सांगितलं ते असं. गटातले दोन जण एचपीएलसीवर अधिकृत चाचणीआधी तोच नमुना 'ट्रायल' नावाच्या फोल्डरखाली चालवून बघत. निकाल बरा आला की मग अधिकृत चाचणी लावत. नाही आला तर नमुना पुन्हा तयार करत आणि आधीच्या निकालाची नोंदच होत नसे. बाहेरून पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण अशाने मर्यादेबाहेरचा निकाल दडतो आणि बॅच बाजारात जाते. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हा प्रकार मान्य नसल्याचं स्पष्ट म्हटलेलं आहे. क्ष यांनी उपकरणाच्या संगणकातली इतिहास-नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, तपासताना हे पकडलं आणि ते निकाल ओओएस म्हणून नोंदवायला लावले. दोन बॅच अडकल्या. गट त्यांच्यावर उलटला. व्यवस्थापनाने प्रकरण मिटवलं, पण त्यांना कार्यशाळेला पाठवून.

एवढं सांगून त्या थांबल्या असत्या तर कदाचित मला शंका आली असती. पण त्यांनी पुढचंही सांगितलं. त्यांनी त्या दोघांना बाकीच्यांसमोर झापलं होतं, एकदा नव्हे, त्यानंतरही. त्यातली एक मुलगी नवी होती आणि तिने वरिष्ठ विश्लेषकाने शिकवलं तसंच केलं होतं. ती नोकरी सोडून गेली. "तिच्याशी मी वेगळं बोलायला हवं होतं," क्ष म्हणाल्या.

तिसरा दुवा म्हणून त्यांनी आधीच्या कंपनीतल्या गुणवत्ता हमी, म्हणजे क्यूए विभागाच्या माजी प्रमुखांचं नाव दिलं. या प्रमुखांनीही आता ती कंपनी सोडली होती आणि म्हणूनच कदाचित ते मोकळेपणी बोलले. बॅच अडकल्या होत्या, तपास झाला होता आणि क्ष यांची तांत्रिक बाजू बरोबर ठरली होती, याला त्यांनी दुजोरा दिला. झापण्यालाही दिला. बॅचचे क्रमांक किंवा तपासाचे कागद आम्ही मागितले नाहीत. ती दुसऱ्या कंपनीची गोपनीय माहिती होती आणि मागणं गैर ठरलं असतं. त्यामुळे आमच्या खात्रीला तेवढी मर्यादा राहिली.

आता पत्र पुन्हा वाचलं तेव्हा ओओएसवरचं मौन वेगळं दिसलं. पहिल्या दिवशी समितीला ती क्ष यांची सगळ्यात मोठी उणीव वाटली होती. प्रत्यक्षात ओओएस हेच त्यांचं सगळ्यात ठाम काम होतं. पण ते लिहायचं तर आपल्या प्रयोगशाळेत काय चाललं होतं हेही लिहावं लागलं असतं. ते मौन वरिष्ठ स्वतःसाठी राखत होते. गटाबद्दलची अट मात्र खरोखर क्ष यांच्याबद्दलची होती. एकाच पत्रातल्या दोन झाकलेल्या जागा, आणि त्यामागे झाकलेली माणसं वेगवेगळी.

## परिणाम

क्ष यांची नेमणूक झाली, पण जसंच्या तसं पद न देता. पहिले सहा महिने पाळ्यांचं वेळापत्रक आणि रजा एका जुन्या ज्येष्ठ विश्लेषकांकडे राहिली. ओओएसबाबत क्ष थेट क्यूए प्रमुखांना जबाबदार राहतील, उत्पादन विभागाला नाही, असं नेमणूकपत्रातच लिहिलं. वरच्यांनी पाठीशी उभं राहण्याचं जे फोनवर ऐकलं होतं, त्याला दिलेलं हे कागदी रूप होतं. उत्पादन विभागाच्या प्रतिनिधींनी आपला विरोध नोंदवून घ्यायला लावला. तसा तो नोंदवला.

निकाल संमिश्र आला. पहिल्या तीन महिन्यांत ओओएसची संख्या वाढली आणि उत्पादन विभागाला त्यांचं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं. तपासात त्यातले बरेच निकाल नमुना तयार करतानाच्या एकाच चुकीपाशी येऊन थांबले. ती चूक आधीही होत असणार, पण दिसत नव्हती. ती पद्धत दुरुस्त झाल्यावर संख्या खाली आली. दुसरीकडे, पाचव्या महिन्यात एका अनुभवी विश्लेषकाने बदली मागितली आणि कारण म्हणून क्ष यांच्या बोलण्याचा उल्लेख केला. चौकशीत ते बऱ्याच अंशी खरं निघालं. वेळापत्रकाचं काम सहा महिन्यांनी त्यांच्याकडे जायचं होतं, ते आणखी पुढे ढकललं.

## काय वेगळं करता आलं असतं

क्रम उलटा असता तर बरं झालं असतं. समितीने पत्र आधी वाचलं आणि पदाला काय लागतं याची यादी नंतर आठवली. पत्र उघडण्याआधीच त्या पदाच्या चार-पाच कसोट्या कागदावर उतरवल्या असत्या, तर कुठल्या कसोटीवर पत्र बोलतं आणि कुठे गप्प आहे हे शांतपणे भरता आलं असतं. मग नकारपत्र की चांगलं पत्र, या भांडणात पहिली बैठक गेली नसती.

दोन्ही उमेदवारांची सारखीच छाननी व्हायला हवी होती. दुसऱ्या उमेदवाराचं पत्र गुळगुळीत होतं म्हणून त्यांच्या वरिष्ठांना कुणी फोन केलाच नाही. त्या पत्रातही ओओएसबद्दल काही नव्हतं. ते कुणाच्या नजरेत भरलं नाही, कारण त्यात खटकणारं काहीच नव्हतं.

संभाव्य कारणांची यादी करताना, लिहिणारा स्वतःला वाचवत असेल ही शक्यता मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवली होती आणि चर्चेत ती जवळपास सुटली. क्यूसी, लेखा, सुरक्षा अशा ज्या पदांवर चूक पकडणं हेच काम आहे, तिथल्या माणसांच्या पत्रांत ही शक्यता सगळ्यात आधी तपासायला हवी. तिथे चांगलं काम केलेला माणूस वरिष्ठाला अडचणीत आणूनच गेलेला असू शकतो.

या प्रकरणानंतर आम्ही मोकळं पत्र मागणं बंद केलं. आता पत्रलेखकाला एक पानी फॉर्म जातो. त्यात पदाच्या कसोट्या छापलेल्या असतात आणि प्रत्येकीपुढे "प्रत्यक्ष पाहिलं आहे", "ऐकलं आहे", "सांगू शकत नाही" असे तीन पर्याय असतात. पुन्हा घ्याल का, हा प्रश्न दोनदा येतो : त्याच पदासाठी आणि वरच्या पदासाठी. काही कंपन्या फॉर्म परत पाठवतात आणि फक्त तारखा कळवतात. तो कोरा फॉर्म आम्ही फायलीला लावतो आणि त्यावर "धोरणामुळे माहिती नाही, उमेदवाराशी संबंध जोडू नये" असा शिक्का मारतो.